भाडे एकाच्या हाती, वाटा चौघांचा

तुमसरच्या बाजारपेठेतील एका दुकानाचे उदाहरण घेऊ. वडिलांनी ते स्वकमाईतून घेतले होते. जून २०१७ मध्ये मृत्युपत्र न करता ते निवर्तले. मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली. भाडेकरू दरमहा १२,००० रुपये देतो आणि ते सारे मुलगा ठेवून घेतो. आठ वर्षांनी गोंदियाला दिलेली थोरली बहीण हिशेब विचारते, तेव्हा भाऊ म्हणतो, "ताई, मी घरचा कर्ता. कर्त्याकडे कोणी मागचा हिशेब मागते का?"

हे उत्तर एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेपुरते बऱ्याच अंशी खरे आहे. तेथे कर्त्याने अपहार केला नसेल किंवा एखाद्याला पूर्णपणे वगळले नसेल, तर वाटणीच्या वेळी जे शिल्लक असेल तेच वाटले जाते. हे दुकान मात्र तसे नाही. जैन कुटुंबांना लागू असलेल्या हिंदू वारसा अधिनियम, १९५६ नुसार आई, भाऊ आणि दोघी बहिणी असे चौघे समान वारस ठरतात, आणि प्रत्येकाचा चौथा हिस्सा स्वतंत्र असतो. त्यामुळे भावाने घेतलेल्या भाड्यातील तीन हिस्से इतरांचे आहेत.

खरी अडचण मुदतीची आहे. मागील उत्पन्नाचा दावा सामान्यतः रक्कम हाती पडल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. बहिणीने १ जुलै २०२५ रोजी दावा लावला, तर मागील ३६ महिन्यांचे ४,३२,००० रुपये हिशेबात येतात. मालमत्ता कर व दुरुस्तीचे ३२,००० वजा जाता ४,००,००० उरतात, आणि तिच्या वाट्याला १,००,००० येतात. त्याआधीच्या पाच वर्षांतील भाडे ७,२०,००० होते. त्यातील तिचा हिस्सा हातचा जाण्याचा धोका मोठा. नुसत्या नोटिशीने मुदत वाढत नाही. मात्र मुदत संपण्यापूर्वी भावाने देणे सहीनिशी लेखी मान्य केले असेल, तर तेथून मुदत नव्याने मोजली जाते.

दुकानातील हिस्सा मात्र असा तीन वर्षांत बुडत नाही. एका वारसाचा ताबा हा एरवी सर्वांचाच ताबा असतो. इतरांचा हक्क उघडपणे नाकारल्याविना तो विरोधी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पी. लक्ष्मी रेड्डी खटल्यात १९५६ मध्ये सांगितले. म्हणून वाटणी आणि मागील उत्पन्न ही मागणी एकाच दाव्यात करणे सोयीचे. दावा दाखल झाल्यापासून हिस्सा हाती येईपर्यंतच्या उत्पन्नाची चौकशीही न्यायालय त्यातच लावू शकते.

धानाच्या शेतीचा हिशेब अधिक नाजूक असतो. जमीन ठेक्याने दिली असेल, तर ठेक्याची रक्कम भाड्यासारखीच वाटली जाते. भाऊ स्वतः कसत असेल, तर बियाणे, खत व मजुरी वजा करावी लागते. आणि इतरांना कोणी रोखलेच नव्हते, तर त्याच्या मेहनतीच्या नफ्यावरचा दावा दुबळा ठरतो. पुराव्यासाठी सातबारावरील पीकनोंद, खरेदी केंद्राच्या पावत्या, भाडेकरार आणि बँकेचे खातेउतारे जपावेत.

व्यापारी घरात भागीदाराचा हिस्सा दरवर्षी वहीत जमा होतो. बहिणीच्या नावाचे पानही त्याच वहीत उघडले आणि वर्षाअखेर त्यावर सर्वांच्या सह्या घेतल्या, तर तीन वर्षांचा प्रश्न बहुधा उभाच राहणार नाही.