संदिग्ध कविता : अर्थ खुला, की विषयच हरवला?

मुशायऱ्यात एकाच शेराचे दोघे दोन अर्थ लावतात आणि दोघेही दाद देतात. शाळेच्या हस्तलिखितातली एखादी कविता वाचून मात्र दहा जण दहा तर्क करतात आणि कुणाच्याच तोंडून 'वाह' निघत नाही. संदिग्धता दोन्हींकडे आहे, मग फरक कशात?

आम्ही वर्गात याचा निवाडा दोन प्रश्नांनी करतो. कवितेत घडते काय, हा पहिला. त्याचा अर्थ काय, हा दुसरा. मुलांनी एकमेकांच्या वहीत न डोकावता आधी पहिल्याचे उत्तर लिहायचे आणि ते कोणत्या शब्दावरून सुचले तेही सांगायचे. त्यासाठी आम्हीच रचलेल्या या चार ओळी पाहा :

तो आला, ती गेली,
ते अजून तिथेच आहे.
कुणाला सांगू, रात्र जळते,
आरसा पाणी मागतो.

कुणी म्हणेल सूर्य आणि सावली, कुणी नवरा-बायको, कुणी पाऊस आणि वीज. सूर्य-सावली पहिल्या ओळीला चालते, पण मग 'ते' म्हणजे काय? नवरा-बायको मानले, तर आरसा पाणी कशाला मागतो? एकही वाचन चारही ओळींना पुरत नाही. वाचक अर्थ शोधत नाही, कोडे सोडवत बसतो. हा खोलपणा नव्हे. कवीच्या मनातला प्रसंग कागदावर उतरलेलाच नाही.

आता समजा, तो प्रसंग असा आहे : दादीच्या आजारपणाची खबर मिळाल्यावर भाई परगावाहून निघाला, आणि त्याच दिवशी दादीचा इंतकाल झाला. तर सर्वनामांच्या जागी माणसे आणि वस्तू ठेवू :

भाई आला, दादी गेली,
चष्मा अजून उशाशी आहे.

शेवटच्या दोन ओळी काढून टाकल्या, कारण त्या या घरातल्या नव्हत्या. 'गेली' हा शब्द तोच आहे, पण आता त्याचा घोटाळा होत नाही. गावाला जाणारी म्हातारी चष्मा मागे ठेवून जात नाही. पहिल्या प्रश्नाला सगळ्या वह्यांत एकच उत्तर येईल. तरी एक गोष्ट खुलीच आहे : भाई आधी पोहोचला की नंतर? दादीने त्याला त्या चष्म्यातून पाहिले का? आधी म्हणा, तर ती त्याच्यासाठीच थांबली होती. नंतर म्हणा, तर तो चष्मा त्याच्याकडे आयुष्यभर बघत राहील. दोन्ही वाचने दोन्ही ओळींना पुरतात आणि एक मनात आले की दुसरेही जवळ येऊन बसते. अशी संदिग्धता कवितेच्या कामाची असते. ती मिटवायला 'उशिरा' हा एक शब्द पुरे आहे, आणि तोच घालायचा नाही.

इथे कुणी गझलेचे उदाहरण पुढे करील. गझलेतला 'वो' माशूक आहे की खुदा, हे तर पहिल्याच प्रश्नावर अडते! खरे आहे. पण चांगल्या शेरात माशूक धरला तरी दोन्ही मिसरे नीट लागतात आणि खुदा धरला तरी लागतात. शिवाय शतकांच्या रिवाजाने ऐकणाऱ्याचा कान त्यासाठी तयार झालेला असतो. म्हणून खरी कसोटी अर्थ किती निघतात ही नाही. निघालेला प्रत्येक अर्थ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत टिकतो का, ही आहे.

आणखी एक सावधगिरी. वाचकाला कळले नाही म्हणजे दरवेळी कवितेचाच दोष, असे नाही. मिर्झा ग़ालिब यांच्या दीवानातल्या पहिल्याच शेरात कागदी पेहराव येतो, आणि तो अनेकांना कोड्यात टाकत आला आहे. ग़ालिबनी स्वतः एका पत्रात खुलासा केला : इराणात फिर्यादी कागदी कपडे घालून हाकिमापुढे जातो, असा रिवाज आहे. एवढे कळले की चित्र, फिर्याद आणि कागद एका धाग्यात येतात. तिथे प्रसंग हरवलेला नव्हता, वाचकाकडे त्याची किल्ली नव्हती.

हा फरक ओळखायची रीत सोपी आहे. कवीला, किंवा जाणकाराला, एकच माहिती विचारा. ती मिळताच बाकीचे सगळे शब्द आपोआप जागेवर बसले, तर कविता शाबूत आहे. एखादी तळटीप पुरेल. प्रत्येक ओळीसाठी नवा खुलासा लागत असेल, तर कवीला कागद परत द्यावा आणि एवढेच विचारावे : यातले 'ते' म्हणजे नक्की काय? बहुतेक वेळा त्याच्या तोंडी येणारे उत्तरच कवितेत घालायची ओळ असते.