विश्लेषण : पतसंस्थेच्या मुदत ठेवीची जाहिरात कशी वाचावी?

उरण तालुक्यातील करंजा हे मासेमारीचे गाव. जून-जुलैतील मासेमारीबंदीत बोटी किनाऱ्याला लागतात. ऑगस्टमध्ये पुन्हा समुद्रात उतरण्यापूर्वी बोटीची दुरुस्ती, जाळी, डिझेल आणि बर्फ यासाठी एकरकमी पैसा लागतो. उरलेल्या महिन्यांत हाती आलेला पैसा अनेक घरे मुदत ठेवीत ठेवतात आणि जवळची पतसंस्था त्यासाठी सोयीची वाटते. मोबाइलवर तिची जाहिरात येते. तीत 9 टक्के हा आकडा मोठा आणि अटी लहान अक्षरात असतात, काही वेळा अटी नसतातच. ठेवीदाराने अशा चार ओळींत काय शोधायचे, याचे हे विश्लेषण.

पतसंस्था आणि बँक यांत फरक काय?

'सहकारी' हा शब्द दोन्हींना लागतो, त्यामुळे गोंधळ होतो. सहकारी बँकेकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो. पतसंस्थेकडे तो नसतो. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेली असते आणि तिच्यावर सहकार खात्याच्या निबंधकांची देखरेख असते. एकापेक्षा अधिक राज्यांत काम करणारी संस्था असेल, तर ती बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, 2002 खाली केंद्रीय निबंधकांकडे नोंदलेली असते.

22 नोव्हेंबर 2021 रोजी रिझर्व्ह बँकेने याबाबत जाहीर इशारा दिला होता. काही सहकारी संस्था नावात 'बँक' हा शब्द वापरत आहेत आणि काही संस्था बिगरसभासद, नाममात्र सभासद वा सहयोगी सभासदांकडून ठेवी घेत आहेत, हे बँकिंग व्यवसाय केल्यासारखेच असून कायद्याचे उल्लंघन आहे, असे तिने म्हटले होते. अशा ठेवींना विमा संरक्षण नसल्याचेही त्यात स्पष्ट केले होते. म्हणून जाहिरातीत 'ठेव फक्त सभासदांसाठी' आणि 'ही संस्था बँक नाही' या दोन ओळी दिसायला हव्यात. शाखेत 'सभासद होण्याची गरज नाही, पैसे भरा' असे सांगितले गेले, तर तिथेच थांबावे.

पनवेलच्या कर्नाळा बँकेतून काय कळते?

विम्याचे महत्त्व पनवेल-उरण परिसराला वेगळे समजावून सांगायला नको. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये रद्द केला. बोगस खात्यांमधून सुमारे 512 कोटी रुपयांची कर्जे वळवल्याचा आरोप सक्तवसुली संचालनालयाने केला होता. ठेवीदारांना पैशासाठी मोठा काळ तिष्ठत राहावे लागले.

तरीही ती बँक होती. त्यामुळे ठेव विमा व पतहमी महामंडळाचे, म्हणजे डीआयसीजीसीचे संरक्षण तिला लागू होते. एका बँकेतील एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंत रक्कम या विम्यातून मिळते. ही मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये 1 लाखावरून 5 लाख झाली. बँकेने दिलेल्या माहितीनुसार 95 टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने म्हटले होते.

हीच घटना पतसंस्थेत घडली असती, तर हा आधार नव्हता. डीआयसीजीसी पतसंस्थांचा विमा घेत नाही. पैसे परत मिळणे हे कर्जवसुली, मालमत्तेची विक्री आणि अवसायक किंवा प्रशासक यांच्या कामावर अवलंबून राहते. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्य पतसंस्थेच्या प्रकरणात ठेवीदारांच्या पावत्या कमी किमतीत घेऊन त्या कर्जदारांच्या कर्जात वळत्या केल्याचे आरोप तपासात पुढे आले. म्हणजे बुडालेल्या पतसंस्थेत पावती हाती असली, तरी तिची पूर्ण किंमत मिळेल याची हमी नसते.

राज्य सरकारने पतसंस्थांसाठी स्थिरीकरण व तरलता साहाय्य निधीची तरतूद कायद्यात केली आहे. मात्र तो डीआयसीजीसीचा विमा नव्हे. 'ठेवी सुरक्षित' असे जाहिरातीत लिहिले असेल, तर कोणता निधी, किती रकमेपर्यंत आणि संस्था त्यात अंशदान भरते का, हे लेखी विचारावे. उत्तर लेखी मिळत नसेल, तर त्या शब्दाला अर्थ नाही.

व्याजदराचा आकडा फसवा कसा ठरतो?

एक उदाहरण घेऊ. 'दामदुप्पट, 84 महिन्यांत' अशी योजना आहे. 1 लाखाचे 2 लाख होणार, तर 7 वर्षांत 1 लाख व्याज. त्याला 7 ने भागले की दरवर्षी सुमारे 14.3 टक्के येतात. जाहिरातीत हा आकडा 'वार्षिक परतावा' म्हणून छापला जाऊ शकतो. पण हे व्याज चक्रवाढीने साठत गेलेले असते. तिमाही चक्रवाढीने हिशेब केला, तर रक्कम 84 महिन्यांत दुप्पट होण्यासाठी द.सा.द.शे. सुमारे 10 टक्केच पुरतात. दुसऱ्या बँकेच्या दराशी तुलना करायची असेल, तर 10 ची करावी, 14.3 ची नव्हे.

म्हणून जाहिरातीत तीन गोष्टी एकत्र हव्यात. दर द.सा.द.शे. किती, व्याज सरळ की चक्रवाढ आणि 1 लाखावर मुदतीअखेर हाती येणारी रक्कम किती. ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जादा असेल, तर मोठ्या अक्षरातला दर सर्वसामान्य ठेवीदाराचा आहे की ज्येष्ठांचा, हेही पाहावे.

मुदत चुकली तर किती तोटा?

करंजातील एका घराचा हिशेब मांडू. समजा, त्यांनी जानेवारीत 2 लाख रुपये 13 महिन्यांसाठी, 9 टक्के सरळ व्याजाने ठेवले. मुदत पुढच्या फेब्रुवारीत संपते आणि तेव्हा 19,500 रुपये व्याज मिळते. पण पैसे जुलैत हवेत, कारण बोट ऑगस्टमध्ये सोडायची आहे. ठेव सहा महिन्यांनी मोडली. मुदतपूर्व मोडल्यास, जितका काळ ठेव राहिली त्या मुदतीचा दर लागू होऊन त्यातून दंड वजा होतो, असा नियम अनेक ठिकाणी असतो. सहा महिन्यांचा दर 6 टक्के आणि दंड 1 टक्का धरला, तर 5 टक्क्यांनी 5,000 रुपये हाती येतील. अपेक्षा 9 टक्क्यांची होती, मिळाले 5.

या घराने वर्षातल्या खर्चाचा महिना आधी लक्षात घेऊन ठेवीचे दोन भाग केले असते, एक सहा महिन्यांचा आणि एक 13 महिन्यांचा, तर ठेव मोडावी लागली नसती. यासाठी जाहिरातीत मुदतपूर्व ठेव मोडता येते का, दंड किती, आणि ठेवीवर कर्ज मिळते का, हे स्पष्ट असायला हवे. कर्ज घेतले तरी त्याचा व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा किती जास्त, हे विचारायला विसरू नये. शिवाय व्याजातून करकपात झाली नाही, म्हणजे ते करमुक्त झाले असे नव्हे.

प्रामाणिक जाहिरातीत काय लिहिलेले असेल?

वरच्या सगळ्या गोष्टी चार-पाच ओळींत मावतात. मोबाइलवरच्या चित्राखाली साधारण असा मजकूर असू शकतो :

'मुदत ठेव, 13 महिने. व्याजदर द.सा.द.शे. 9 टक्के, सरळ व्याज. 1,00,000 रुपयांवर मुदतीअखेर व्याज 9,750, एकूण 1,09,750 रुपये. मुदतपूर्व मोडल्यास प्रत्यक्ष कालावधीचा दर, वजा 1 टक्का. ठेव फक्त सभासदांसाठी. आमची संस्था बँक नाही. या ठेवीला डीआयसीजीसीचा विमा नाही. परतफेड संस्थेच्या कर्जवसुलीवर आणि उपलब्ध रोख रकमेवर अवलंबून आहे. नोंदणी क्रमांक, नोंदणी अधिकारी, शेवटच्या लेखापरीक्षणाचे वर्ष आणि वर्ग.'

आकडे नमुन्याचे आहेत, पण क्रम महत्त्वाचा आहे. जोखमीच्या ओळी व्याजदराच्या लगतच आणि तेवढ्याच अक्षरात असाव्यात. 'अटी लागू' असे तीन अक्षरी आकाराच्या टाइपात लिहून भागत नाही, कारण मोबाइलच्या पडद्यावर ते वाचताच येत नाही.

पैसे ठेवण्यापूर्वी काय तपासावे?

पहिली गोष्ट नोंदणीची. जाहिरातीतील नोंदणी क्रमांक तालुक्याच्या सहायक किंवा उपनिबंधक कार्यालयात विचारून खात्री करता येते. संस्था बहुराज्य असेल, तर निबंधक दिल्लीतला असतो, त्यामुळे तक्रारीचा रस्ता लांब होतो, हे आधीच लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट लेखापरीक्षणाची. लेखापरीक्षक संस्थेला अ, ब, क, ड असा वर्ग देतो. जाहिरातीत नुसते 'अ वर्ग' लिहिलेले असेल, तर कोणत्या वर्षाचा, हे विचारावे. तीन वर्षांपूर्वीचा 'अ' आजच्या ठेवीबद्दल काही सांगत नाही. सभासदाला कायद्याने संस्थेचा ताळेबंद आणि नियम पाहण्याचा हक्क आहे. ताळेबंदात थकबाकी किती आणि ठेवींच्या तुलनेत कर्जे कुणाला व किती मोठी दिली आहेत, हे पाहावे. बरीचशी कर्जे थोड्याच लोकांच्या वा संचालकांच्या नातलगांच्या नावे असतील, तर एक कर्जदार बुडाला तरी संस्था अडचणीत येते. ताळेबंद दाखवायला टाळाटाळ होत असेल, तर तेच उत्तर समजावे.

तिसरी गोष्ट पावतीची. ठेवीच्या पावतीवर रक्कम, दर, मुदत, परतीची तारीख आणि नामनिर्देशन छापलेले हवे. जाहिरातीचा स्क्रीनशॉटही जपून ठेवावा. मुदत संपूनही रक्कम मिळत नसेल, तर निबंधकांकडे लेखी तक्रार करता येते आणि फसवणुकीच्या प्रकरणात ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा 1999 चा राज्य कायदाही लागू होऊ शकतो. त्या कायद्याने आरोपींची मालमत्ता जप्त होऊ शकते, पण पैसा परत यायला वर्षे लागू शकतात.

थोडक्यात, पतसंस्थेची ठेव बँकेपेक्षा एक-दोन टक्के जास्त देत असेल, तर तो जादा टक्का विमा नसण्याची जोखीम घेण्याचा मोबदला आहे. घरातला पैसा ऑगस्टमध्ये बोट सोडण्यासाठी लागणार असेल, तर तो सगळा त्या जोखमीवर टाकायचा का, हा हिशेब जाहिरात वाचतानाच करायचा असतो.