दाखला कशाचा आणि किती?

पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात, शिरूर तालुक्याच्या सीमेलगत, राहू हे उसाचे आणि गुऱ्हाळांचे गाव आहे. या परिसरातील स्त्रिया आज तीन निरनिराळ्या प्रकारच्या मालकांकडे काम करतात. काही जणी कुरकुंभ किंवा रांजणगाव येथील औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत जातात, काही शाळांत व कार्यालयांत नोकरी करतात, आणि हंगामात बाहेरून आलेल्या टोळ्यांतील स्त्रिया शेतात ऊस तोडतात. यांपैकी एखादीचा गर्भ अकराव्या आठवड्यात पडला, तर तिच्या शरीराची झीज तिन्ही ठिकाणी सारखीच होते. तिला मिळणारी रजा मात्र सारखी नसते. हा भेद वैद्यकशास्त्राने केलेला नाही, तो पुराव्याच्या प्रश्नातून उद्भवलेला आहे.

कायदा स्वतः संदिग्ध नाही. 1961 च्या प्रसूतिलाभ अधिनियमाच्या कलम 9 मध्ये गर्भपातानंतर सहा आठवडे सवेतन रजेची तरतूद होती. 1995 च्या दुरुस्तीने वैद्यकीय गर्भसमाप्तीचा त्यात स्पष्ट समावेश झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 अंमलात आली आणि तिच्या कलम 65 ने हीच तरतूद पुढे चालविली आहे. ही रजा म्हणजे मालकाने दाखविलेली मेहेरबानी नव्हे, हेही त्याच कायद्यात नमूद आहे. कारण या सहा आठवड्यांत जाणूनबुजून त्या स्त्रीला कामावर ठेवण्यास मालकालाच मनाई आहे. रजेची एकच अट आहे. ‘विहित केलेला पुरावा’ सादर केला पाहिजे. व्यवहारातील बहुतेक कज्जे या तीन शब्दांभोवती फिरतात.

कारखान्याच्या कार्मिक विभागातील लिपिकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्याच्यापुढे अर्ज येतो, सोबत डॉक्टरांच्या कागदावर दोन ओळी असतात, आणि सहा आठवड्यांचा पगार काढावयाचा असतो. लेखापरीक्षक विचारील या धास्तीने तो सोनोग्राफीचा अहवाल, रुग्णालयाचे बिल, डिस्चार्ज कार्ड आणि कधी कधी पतीची सहीसुद्धा मागतो. कित्येकदा यात द्वेष नसतो, केवळ सवय असते. परंतु या मागण्यांपैकी नेमक्या कोणत्या मागणीला कायद्याचा आधार आहे, ते तपासले की उत्तर अनपेक्षितपणे लहान निघते.

मालकाला दोन गोष्टी जाणण्याचा अधिकार आहे: घटना घडली काय, आणि ती कोणत्या दिवशी घडली. त्यासाठी नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीचे, नियमांतील नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र पुरते. दिनांकाला महत्त्व आहे, कारण सहा आठवडे अर्जाच्या तारखेपासून मोजले जात नाहीत. गर्भपाताच्या दुसऱ्या दिवसापासून ते मोजावयाचे असतात. गर्भ किती आठवड्यांचा होता हा तपशील एका सीमेपाशीच निर्णायक ठरतो. सव्विसाव्या आठवड्यापर्यंत घडलेली घटना कायद्याच्या व्याख्येत गर्भपात मानली जाते. त्यानंतर मृत बालक जन्मले तरी ती प्रसूतीच ठरते, आणि मग स्त्रीचा हक्क सहा आठवड्यांचा न राहता पूर्ण प्रसूती रजेचा होतो. या सीमेजवळच्या प्रकरणात आठवड्यांची नोंद स्त्रीच्याच हिताची असते. अकराव्या आठवड्याच्या प्रकरणात तिच्यावाचून मालकाचे काहीही अडत नाही.

गर्भपात का झाला, गर्भ हवा होता की नको होता, अर्जदार विवाहित आहे की अविवाहित, पतीची संमती होती की नव्हती, हे प्रश्न या कलमात कोठेही उपस्थित होत नाहीत. सज्ञान स्त्रीच्या गर्भसमाप्तीसाठी 1971 चा वैद्यकीय गर्भसमाप्ती अधिनियमदेखील पतीची संमती मागत नाही. जी सही रुग्णालयाला लागत नाही ती कचेरीला का लागावी, हा प्रश्न संबंधित लिपिकाला सौम्यपणे विचारण्यासारखा आहे.

गर्भसमाप्तीच्या बाबतीत कायदा याहून एक पाऊल पुढे गेलेला आहे, आणि याची जाण कार्यालयांत फारच थोड्यांना आहे. 2003 च्या वैद्यकीय गर्भसमाप्ती विनियमांनुसार रुग्णालयातील प्रवेश नोंदवही ही गोपनीय असते. स्त्रीचे नाव केवळ त्या एका वहीत लिहावयाचे. शस्त्रक्रियागृहाची नोंद, रुग्णपत्रिका, पुढील तपासणीचे कार्ड यांवर नावाऐवजी वहीतील अनुक्रमांक घालावयाचा. म्हणजे रुग्णालय आपल्याच कागदांपासून तिचे नाव दूर ठेवते. अशा वेळी मालकाने ‘केस पेपरची प्रत जोडा’ असे फर्मावणे म्हणजे जो कागद नावानिशी अस्तित्वातच असू नये, तो मागणे होय.

मात्र याच विनियमांत गोपनीयतेच्या भिंतीला एक लहानसे दार ठेवले आहे, आणि ते नोकरदार स्त्रीसाठीच आहे. तिने स्वतः अर्ज केला, तर मालकाकडून रजा मिळविता यावी म्हणून डॉक्टर तिला प्रमाणपत्र देऊ शकतात. त्याला जोडूनच असाही दंडक आहे की ज्या मालकाला ही माहिती मिळेल त्याने ती अन्य कोणालाही सांगता कामा नये. म्हणजे अर्ज करावयाचा तो स्त्रीने. मालकाने परस्पर रुग्णालयाला दूरध्वनी करून ‘खातरजमा’ करणे यात बसत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर स्त्रीचे नाव वा तपशील कायद्याने अधिकृत नसलेल्या व्यक्तीला उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते; त्यामुळे असा दूरध्वनी करणारा मालक डॉक्टरलाही गोत्यात आणतो. दाखला हजेरीपत्रकाला टाचून चार टेबलांवरून फिरविणाऱ्या कचेरीने आपण काय करीत आहोत याचा विचार केलेला नसतो. हजेरीपत्रकावर ‘सवेतन रजा’ एवढे लिहिले तरी हिशेब पूर्ण होतो. दाखला एका बंद लिफाफ्यात एका जबाबदार व्यक्तीपाशी राहू शकतो.

हिशेबाचे एक उदाहरण घ्यावे. समजा, कुरकुंभच्या एका कारखान्यात दिवसाला 900 रुपये मिळविणाऱ्या स्त्रीचा गर्भपात सोमवार, 5 जानेवारी 2026 रोजी झाला. तिची रजा 6 जानेवारीला सुरू होऊन 16 फेब्रुवारीला संपेल; एकूण दिवस 42. मोबदला मागील तीन महिन्यांतील सरासरी दैनिक वेतनावर काढला जातो, आणि येथेच कचेरीकडून चूक संभवते. साप्ताहिक सुट्टीचे सहा दिवस वगळून 36 दिवसांचे 32,400 रुपये काढले जातात. परंतु बी. शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच असे ठरविले की प्रसूतिलाभातील ‘आठवडा’ हा सात दिवसांचा धरावयाचा, सुट्टीसह. त्याच मोजमापाने योग्य रक्कम 42 दिवसांची, म्हणजे 37,800 रुपये होते. फरक 5,400 रुपयांचा. ज्या स्त्रीचे वेतन महिना 21,000 रुपयांच्या आत आहे आणि जी कर्मचारी राज्य विमा योजनेत आहे, तिला हा लाभ महामंडळाकडून मिळतो, आणि पुरावाही तेथेच द्यावयाचा असतो. अशा प्रकरणात मालकाच्या खिशातून पगार जात नाही, हे लक्षात घेता कागद मागण्यातील त्याची हौस अधिकच अनाकलनीय वाटते.

सरकारी सेवेतील स्त्रियांना हा कायदा नव्हे तर त्यांचे सेवानियम लागू होतात, आणि तेथे एक वेगळीच अडचण आहे. केंद्र सरकारच्या रजा नियमांत गर्भपातासाठी 45 दिवसांची रजा आहे. पण ती संपूर्ण सेवाकाळात मिळून 45 दिवस. कारखान्यातील कामगार स्त्रीला प्रत्येक घटनेनंतर सहा आठवडे मिळतात, आणि मंत्रालयातील कर्मचारी स्त्रीचा गर्भ दुसऱ्यांदा पडला तर तिचा साठा संपलेला असू शकतो. ज्यांच्या शरीराला हा आघात वारंवार सोसावा लागतो त्यांनाच हा नियम अधिक जाचतो.

पुराव्याच्या प्रश्नाची दुसरी बाजू उसाच्या फडात दिसते. तोडणीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वीच उचल घेतलेली असते, आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा ‘खाडा’ त्या हिशेबात वजा होतो. गर्भपातानंतर घेतलेली विश्रांती येथे रजा ठरत नाही, ती कर्जात भर घालते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या आकड्यामागे अनेक कारणे आहेत. परंतु जेथे पाळी, गर्भारपण आणि गर्भपात या प्रत्येक प्रसंगी दिवस बुडतो आणि दिवस बुडाला की दंड होतो, तेथे गर्भाशय हीच एक अडचण वाटू लागते, हे त्यांतील एक कारण खासच आहे.

या स्त्रीकडे डॉक्टरचा दाखला असू शकतो. पण तो द्यावयाचा कोणाला? मुकादम म्हणतो, पैसे कारखान्याचे. कारखाना म्हणतो, करार मुकादमाशी. आणि हजेरीपत्रकावर, असलेच तर, नाव नवऱ्याचे. 1961 च्या कायद्याने स्त्री कामगाराची व्याख्या करताना ‘प्रत्यक्ष अथवा कोणत्याही मध्यस्थामार्फत’ कामावर लावलेली स्त्री तिच्यात समाविष्ट केली होती. 2000 मध्ये दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारी स्त्री कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसूतिलाभ केवळ कायम कर्मचाऱ्यांपुरता नाही, असा निर्वाळा दिला. तरीही एक दुवा निखळलेलाच राहतो. दिल्लीतील त्या स्त्रियांची नावे निदान पालिकेच्या मस्टरवर होती. फडातील स्त्रीचे तसे नाही. शिवाय कायद्यातील आस्थापना म्हणजे कारखाना, खाण, मळा, दुकान वगैरे. शेतातला फड त्या व्याख्येत आपोआप येत नाही. प्रसूतिलाभासाठी वर्षात 80 दिवस काम केल्याची जी अट आहे, ती चार-पाच महिने तोडणी करणारी स्त्री सहज पुरी करते. पण ते 80 दिवस तिच्या नावावर कोठेच लिहिलेले नसतात. गर्भपात सिद्ध करण्यात तिची अडचण नाही. आपण कामगार आहोत, हे ती सिद्ध करू शकत नाही.

संहितेखालील नव्या नियमांच्या निमित्ताने दोन बदल सहज शक्य आहेत. पहिला, दाखल्याच्या नमुन्यात गर्भपात आपोआप झाला की वैद्यकीय रीतीने केला गेला, हा भेद लिहिण्याची गरज उरू नये. दोन्हींना सहाच आठवडे मिळतात. मग तो भेद मालकाला कळून हिशेबात एका पैशाचाही फरक पडत नाही, आणि स्त्रीच्या गावात मात्र फार मोठा फरक पडू शकतो. दुसरा बदल साखर कारखान्यांच्या तोडणी करारांतला. कोयता हे एकक मजुरीच्या हिशेबाला सोयीचे असेल. हजेरीसाठी मात्र त्याच्या दोन ओळी करून, दुसऱ्या ओळीत स्त्रीचे नाव आणि तिचे दिवस लिहिता येतात. उसाची प्रत्येक मोळी वजनकाट्यावर मोजणाऱ्या कारखान्यांना एवढी नोंद जड जाऊ नये.