चार बाय पाचचा फंडा

माझी रूममेट यूएस शिफ्ट करते, म्हणजे तिची रात्र सकाळी आठला सुरू होते. आणि आमच्या बेडरूमची खिडकी पूर्वेला! म्हणून मी ऑनलाइन पडदे मागवले. 'चार बाय पाच फूट, दोनचा सेट, आयलेट, ब्लॅकआउट'. रॉड सहा फुटी, दोन पडदे मिळून आठ फूट. म्हटलं, दोन फूट जास्तच आहे की!

लावले, तर चादर वाळत घातल्यासारखे सपाट. मधे फट, आणि त्या फटीतून ऊन थेट मॅडमच्या डोळ्यांवर.

कोपऱ्यावरच्या टेलरकाकांना विचारलं तर ते हसलेच. "ताई, रॉडच्या दुप्पट कापड लागतं. नाहीतर चुण्या पडणार कुठून?"

तर मंडळी, गोम इथे आहे. आयलेट, म्हणजे गोल रिंगांच्या पडद्याची लिस्टिंगमधली रुंदी ही सपाट पसरलेल्या कापडाची असते. सहा फुटी रॉडला बारा फूट कापड, म्हणजे चार फुटांचे तीन पडदे हवेत. अगदीच बजेट नसेल तर दीडपट, म्हणजे नऊ फूट. माझं आठ त्यातही बसत नव्हतं. वर शिवलेल्या पिंच प्लीटचं गणित वेगळं. तिथे बऱ्याचदा चुण्या घातल्यानंतरची रुंदी देतात, त्यामुळे ती सपाट की तयार, हे विक्रेत्याला विचारूनच घ्यायचं.

तिसरा पडदा आला, फट गेली. तरी बाजूने उजेड येतच होता. कारण 'ब्लॅकआउट' हे कापडाचं वर्णन आहे, खोलीचं नाही. म्हणूनच रॉड खिडकीपेक्षा दोन्हीकडे निदान सहा इंच बाहेर हवा. आमचा तसा होता, पण पडद्याची कड आत सरकायची. मग दोन्ही टोकांची शेवटची रिंग ब्रॅकेटच्या पलीकडे अडकवली. आता कड जागची हलत नाही. ('लाइट फिल्टरिंग' लिहिलेल्या पडद्याच्या वाटेला मात्र दिवसा झोपणाऱ्यांनी जाऊच नये. तो ऊन फक्त मऊ करतो.)

उंचीचं म्हणाल तर सुती पडदा पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतो. पाच फुटांतले दोन-तीन इंच गेलेच समजा.

आणि धुणं! ब्लॅकआउट दोन प्रकारचे. मागची बाजू रबरासारखी लागली तर तो कोटिंगवाला. गरम पाणी, पिळणं, ड्रायर यांनी कोटिंगला तडे जातात. उन्हासमोर धरलात तर चांदण्या दिसतील. त्याला गार पाण्यात हलक्या हाताने बुचकळायचं आणि निथळत ठेवायचं. दोन्ही बाजू कापडासारख्याच लागल्या, तर आत काळा धागा विणलेला असतो. तो मशीनमध्ये गार पाण्यावर, जेंटल सायकलला चालतो. फक्त लेबल बघून घ्या.

आमचे पडदे कोटिंगवाले. रूममेटने ते परवा मशीनमध्ये टाकायला काढले होते. मी बादली पुढे केली.