शब्दगंमत : दोन नामे, एक शब्द

वाचकहो, तेलीबांधा तलावाकाठी फिरताना नावाची पाटी पाहिलीत का? तेली आणि बांधा, दोन नामे जोडलेली. मराठीत 'बांधा' म्हणजे शरीराची ठेवण. इथल्या बोलीत मात्र तलाव. म्हणून तेल्यांचा तलाव. अर्थ चुकला की विग्रह चुकतो आणि समासही.

घरात अशा शब्दांची यादी करताना आधी विग्रह लिहा, मग नाव द्या :

• आईवडील : आई आणि वडील. इतरेतर द्वंद्व
• पापपुण्य : पाप किंवा पुण्य. वैकल्पिक द्वंद्व
• चहापाणी : चहा, पाणी वगैरे. समाहार द्वंद्व
• तेलीबांधा : तेल्यांचा बांधा. षष्ठी तत्पुरुष
• गायरान : गाईसाठी रान. चतुर्थी तत्पुरुष
• पुरणपोळी : पुरण भरून केलेली पोळी. मध्यमपदलोपी

चूक होते ती चहापाण्यात. "चहापाणी झालं का?" असं काकू विचारतात, तेव्हा बिस्किटंही त्यात आलीच! 'वगैरे' लावून अर्थ जमला, तर समाहार. आईवडिलांना 'वगैरे' लावून बघा, जमत नाही. म्हणून तो इतरेतर.

आता 'मीठभाकर' कुठे बसेल? विग्रह करून यादीत घाला.