पहिल्या दिवसाचा अर्धा तास

आयटीआय झालेला मुलगा घरात असला की कोल्हापुरात पहिली नोकरी बहुधा फाउंड्रीत लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठे ना कुठे भट्टी पेटलेली असतेच. अशाच एका फाउंड्रीत माझी उमर गेली. शेवटची काही वर्षं नव्या पोरांशी पहिल्या दिवशी बोलायचं काम माझ्याकडे होतं. साहेब आधी कंपनीचा इतिहास सांगायचे, मग अर्धा तास माझा.

मी सुरुवात बुटांपासून करायचो. पोरं हसायची. मग त्यांना एका मुलाची गोष्ट सांगायचो. तो कामावर येऊन तीनच दिवस झाले होते. लॅडलमधल्या रसावरची मळी काढायला त्याने कोपऱ्यातली सळई उचलली आणि तशीच आत घातली. पावसाळ्याचे दिवस, सळईला ओल होती. लोखंडाचा रस साधारण 1,400 अंशांचा असतो. त्याच्या आत पाणी अडकलं की क्षणात वाफ होते आणि 1,600 पटींहून जास्त फुगते. वाफेला वाट हवी असते, ती रसच उडवून वाट काढते. दोन थेंब त्याच्या बुटात गेले. बूट नाडीचा, आणि पँट बुटात खोचलेली. गाठ सुटेपर्यंत घोट्याचं मांस भाजलं होतं.

म्हणून बूट बिननाडीचा, झटक्यात निघणारा. पँट बुटावरून खाली सोडलेली. कपडे जाड सुती, कारण टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं. सळई, पळी, लॅडल, जे काही रसाला लागणार ते आधी तापवून कोरडं करायचं. भट्टीत टाकायचा भंगारसुद्धा ओला नको, बंद नळीचा तुकडा तर नकोच; आत पाणी आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही.

मग माणसं. साहेबांचं नाव दोन दिवसांत कळतंच. पहिल्याच दिवशी ओळख करून घ्यायची ती वाळू बघणाऱ्या मिस्त्रीशी. आमचा मिस्त्री बिहारचा होता, मराठी मोडकी, पण हात असा की मूठभर वाळू दाबून ओल सांगायचा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि मधोमध मोडला तर कडा स्वच्छ राहिल्या पाहिजेत. हाताला चिखलासारखी चिकटली तर पाणी जास्त. मग साच्यात वायू होतो आणि कास्टिंगमध्ये भोकं पडतात. आमच्या वाळूत ओल तीन-चार टक्के असायची. प्रयोगशाळेचा आकडा येईपर्यंत मात्र वीस-पंचवीस साचे भरून होतात.

इथेच मूल्यांची गोष्ट येते, आणि ती भिंतीवरच्या पाटीपेक्षा वेगळी आहे. वाळूत पाणी जास्त पडलं हे तुमच्या हातून झालं, तर लगेच सांगा. ओतण्याआधी सांगितलं तर साचे मोडून वाळू परत वापरता येते. ओतल्यावर कळलं तर सगळा माल परत भट्टीत, वीज वाया. आणि भोकात लांबी भरून रंग मारून माल पुढे गेला तर तो कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ब्रेकमध्ये जाऊन बसतो. सांगणाऱ्यावर ओरडणारे सुपरवायझर मी पाहिलेत, ते खोटं बोलणार नाही. तरी सांगा.

उरलेली पाच मिनिटं कागदांची, आणि आपल्या पोरांसाठी ती जास्तच महत्त्वाची. आडनाव शेख: आधारवर ए-आय घालून, दाखल्यावर नुसता ई घालून, बँकेत तिसरंच. वडिलांच्या नावात कुठे ‘मोहम्मद’ पूर्ण, कुठे ‘मो.’. पीएफमध्ये नाव आधारशी जुळलं नाही की पैसे काढताना महिने जातात. पहिल्याच दिवशी टाइम ऑफिसात उभं राहून एकेक अक्षर तपासा. वारस म्हणून अम्मीचं नाव लावलं असेल तर लग्नानंतर ते नव्याने भरावं लागतं. जुनं तसंच चालत नाही. पगार ईएसआयच्या मर्यादेत, म्हणजे सध्या महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर आपल्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात. आजारपणाच्या भत्त्याला काही काळ हप्ते भरलेले लागतात, पण कामावरच्या अपघाताचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं. म्हणून तो नंबर पहिल्या आठवड्यात मागून घ्या आणि घरी लिहून ठेवा, नुसता मोबाइलमध्ये नको.

रमजानचं शेवटी सांगायचो. रोजा धरून दुपारच्या पाळीत भट्टीसमोर उभं राहण्याआधी सुपरवायझरला आठवडाभर आधी सांगा. कोअर शॉपला किंवा तपासणीला बदली मिळते, मी स्वतः अनेकांना दिली. आयत्या वेळी मागितली तर माणूस कुठून आणणार? आणि भट्टीसमोर डोळ्यांपुढे अंधारी आली तर हातातला लॅडल आधी जोडीदाराच्या हाती द्या, मग बाजूला व्हा.