चांदण्या संपल्या, वाचनही संपलं

अभ्यासिकेत मुलं टिकावीत म्हणून आपण गुण, चांदण्या, बिल्ले वाटतो. शाळांमध्येही आता मोबाईलवरच्या अ‍ॅपमधून असेच गुण दिले जातात. शिरढोणच्या आमच्या अभ्यासिकेत मीही भिंतीवर तक्ता लावला होता. एक पुस्तक वाचलं की एक चांदणी, दहा चांदण्यांना बिल्ला.

पहिल्या आठवड्यात पुस्तकं पटापट हलली. मग लक्षात आलं की मुलं सोळा-वीस पानांचीच पुस्तकं नेतात. एक मुलगी आधीपासून बाबासाहेबांचं जाडजूड चरित्र सावकाश वाचत होती, प्रश्न विचारत होती. तिनं ते अर्ध्यावर ठेवलं. म्हणाली, "दादा, यात एकच चांदणी मिळते." दोन महिन्यांनी चांदण्या संपल्या आणि पुस्तकं कपाटातच राहिली.

हे का होतं, याचा शोध अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली घेतला. बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होती, त्यांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणीचं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला ते अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिलं, तेव्हा पहिल्या गटातली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना देत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

म्हणजे दोष बक्षिसात नाही, आधीच ठरलेल्या सौद्यात आहे. 'मला आवडतं म्हणून करते' याच्या जागी 'चांदणीसाठी करते' असं मूल स्वतःलाच सांगू लागतं. पाढे पाठ करण्यासारख्या कंटाळवाण्या कामात, जिथे मुळात आवडच नाही, तिथे थोडे दिवस गुण चालतील. तिथे गमावण्यासारखं काही नसतं. आवड जिथे आधीच आहे, तिथे सौदा करू नये.

आपल्यासाठी आणखी एक प्रश्न आहे. तक्ता नेमकं काय मोजतो? वेळेवर येण्याचा बिल्ला आम्ही ठेवला, तेव्हा एक मुलगा कायम तळाला राहिला. आई-वडील वीटभट्टीवर जात, धाकट्या भावाला तो सांभाळत असे. तो बिल्ला त्याची मेहनत नव्हे, त्याच्या घरची परिस्थिती मोजत होता, तीही सगळ्यांसमोर भिंतीवर. वर-खाली अशा उतरंडीविरुद्ध बोलणाऱ्या आपण मुलांसाठी नवी उतरंड टांगली होती.

तुमच्याकडे तक्ता असेल तर पंधरा दिवस काढून पाहा. मुलं तरीही पुस्तक मागत असतील, तर आवड शाबूत आहे. मागत नसतील, तर तक्ता परत लावू नका. आम्ही आता शनिवारी गोल बसतो. ज्यानं जे वाचलं, त्यातलं न पटलेलं एक सांगायचं. गुण नाहीत. त्या मुलीनं चरित्र पुन्हा उघडलंय. पुस्तकं पूर्वीपेक्षा कमी हलतात, पण भांडणं पुस्तकातल्या मुद्द्यांवरून होतात.